पीआयपी ३० दिवसांचा द्यायचा की ६० चा?

समजा मालाडच्या एका बॅक ऑफिसात तुम्ही टीम लीड आहात, मेडिक्लेमच्या फाइल्स तपासायचं काम. बाकीचे सरासरी दिवसाला ४० फाइल्स काढतात, अचूकता ९७ टक्के, आणि एकीच्या मात्र ३० आणि ९१ टक्के. एचआरने तिच्यासाठी पीआयपीचे, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारायच्या लेखी योजनेचे, दोन ड्राफ्ट पाठवलेत, कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवा म्हणून.

३० दिवसवाला दिसायला एकदम कडक. पहिल्या आठवड्यापासून ४० फाइल्स, ९७ टक्के, दर शुक्रवारी २५ फाइल्सचं ऑडिट. पण जरा हिशोब करा, २५ मध्ये एक चूक झाली की ९६ टक्के, म्हणजे नापास, म्हणजे कागदावर ९७ लिहून खरं टार्गेट १०० टक्के झालं! टीममधला खरोखर ९७ टक्केवाला माणूससुद्धा यात निम्म्याहून जास्त आठवडे नापास होईल.

६० वाल्यात दर पंधरवड्याला १०० फाइल्स तपासायच्या आणि टार्गेट चढत जातं, ९२, ९३, ९४ आणि शेवटी ९५, फाइल्स ३२ वरून ३७ पर्यंत. एचआर विचारेल ९७ का नाही, तर बाबांनो ती टीमची सरासरी आहे, टीममधले कितीतरी जण स्वतःच तिच्या खाली असतात, तीच किमान अट कशी लावणार? फक्त एक ओळ वाढवा की हिला मिळणाऱ्या फाइल्स बाकीच्यांसारख्याच मिक्स असतील, नाहीतर सगळ्या सर्जरीच्या किचकट फाइल्स हिच्याच माथी आणि मग आकडा कमी आला म्हणून बोंब.

मदतीच्या बाबतीत ३० वाला म्हणतो 'आवश्यक ते मार्गदर्शन मिळेल'. कोण देणार, कधी, काही नाही. ६० वाल्यात सीनियरचं नाव आहे, रोज दुपारी ४ ते साडेचार, आणि पहिल्या आठवड्यात रूम रेंटच्या वजावटीचं ट्रेनिंग, कारण हिच्या बऱ्याचशा चुका तिथेच आहेत. सीनियर नाही बसला तर तेवढे दिवस मुदत वाढणार हेही लिहिलंय, आणि माझ्या मते अख्ख्या कागदातली सगळ्यात कामाची ओळ हीच.

रिव्ह्यूच्या तारखा आधीच कॅलेंडर बघून टाका, गणपतीत अर्धी टीम कोकणात असते, तेव्हा रिव्ह्यू ठेवला तर तो होतच नाही आणि शेवटी सगळं एकदम अंगावर येतं. मंजूर रजा मुदतीत धरू नका.

३० दिवस कुठे चालतात? उशिरा लॉगिन, न सांगता दांड्या, असल्या गोष्टींना. तिथे शिकायचं काही नसतं, फरक दोन आठवड्यांत दिसतो. इथे मात्र ६० वालाच द्या. आणि सहीच्या वर 'प्रत मिळाली' एवढंच असू द्या, 'मान्य आहे' नको, खाली तिचं म्हणणं लिहायला जागा ठेवा.