काउंटरसिंकचा व्यास छर्‍याने मोजणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे माइल्ड स्टीलच्या प्लेटवर एम ६ सीएसके स्क्रूसाठी काउंटरसिंक मारायचं काम नियमित येतं. ड्रॉइंगवर माप असतं ९० अंश, वरचा व्यास १३ मिमी, अधिक-उणे ०.१. आरपार भोक ६.६ चं. हा १३ चा व्यास व्हर्नियरने मोजायचा म्हणजे सगळा नजरेचा खेळ. जबड्यांची टोकं भोकाच्या धारेवर टेकत नाहीत, उतारावर घसरतात. एकाच भोकाची आमची आणि ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची मापं ०.२ ने वेगळी यायची, म्हणजे सगळा टॉलरन्स तिथेच संपला. म्हणून गेले काही महिने हे माप फक्त बेअरिंगचा छर्रा आणि डेप्थ मायक्रोमीटर यांनीच घेतोय.

पद्धत अशी. छर्रा शंकूत ठेवायचा आणि त्याचा माथा प्लेटच्या पृष्ठभागापासून किती वर आला ते मोजायचं. भोक मोठं झालं की छर्रा खाली बसतो, लहान असलं की वर राहतो. ९० अंशासाठी हिशेब एका ओळीचा आहे: छर्‍याच्या व्यासाला २.४१४ ने गुणा आणि त्यातून माथ्याच्या उंचीची दुप्पट वजा करा. दुसरा कोन असेल तर हे वापरा. यात A म्हणजे शंकूचा पूर्ण कोन, d छर्‍याचा व्यास आणि h माथ्याची उंची:

```
D = 2*tan(A/2) * ( (d/2)*(1 + 1/sin(A/2)) - h )
```

अमेरिकन इंची स्क्रूचा कोन ८२ अंश असतो. तसं काम आलं तर २.४१४ चा आकडा विसरा आणि वरच्या सूत्रात ८२ घाला.

माथा पृष्ठभागाच्या वर येतो, त्यामुळे डेप्थ मायक्रोमीटरचा पाया थेट प्लेटवर बसत नाही. मी भोकाच्या दोन्ही बाजूंना २० मिमीच्या दोन सारख्या स्लिप गेज ठेवतो, त्यांवर पाया ठेवतो. आधी दांडा प्लेटवर टेकवून वाचन घ्यायचं, मग छर्‍याच्या माथ्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे उंची. फरकच घेत असल्यामुळे मायक्रोमीटरची शून्याची चूक आपोआप निघून जाते. परवाच्या एका प्लेटवर प्लेटचं वाचन २०.०० आणि १२ मिमी छर्‍याच्या माथ्याचं १२.०४ आलं. उंची ७.९६, तिची दुप्पट १५.९२. १२ गुणिले २.४१४ म्हणजे २८.९७. वजाबाकी करून व्यास १३.०५. प्लेट पास.

मायक्रोमीटरच्या दांड्याचं टोक सपाट असतं, हे इथे फार कामाचं. त्याऐवजी कुणी टोकदार कॉन्टॅक्टचा डायल लावला आणि तो माथ्यापासून अर्धा मिमी बाजूला टेकला, तर १२ च्या छर्‍यावर वाचन सुमारे ०.०२ ने खाली जातं, आणि व्यासात ते ०.०४ होतं. छर्‍याचं मापही मायक्रोमीटरने एकदा स्वतः घ्या. त्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर उत्तर जवळजवळ अडीच शतांश चुकतं. बेअरिंग दुकानातला नवा छर्रा इतका गोल असतो की आपल्या कामात त्याच्या गोलाईची काळजी नको. जुन्या, डाग पडलेल्या बेअरिंगमधला घेऊ नका.

छर्रा कोणत्या मापाचा घ्यायचा, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ९० अंशाच्या शंकूत छर्रा स्वतःच्या व्यासाच्या ०.७०७ पट वर्तुळावर टेकतो. १२ चा छर्रा ८.५ च्या वर्तुळावर, १६ चा ११.३ वर. हे वर्तुळ आरपार भोकापेक्षा मोठं आणि वरच्या व्यासापेक्षा लहान हवं. नाहीतर छर्रा शंकूवर न बसता कुठल्यातरी काठावर बसेल आणि सूत्र लागूच होणार नाही. टेकलेल्या जागेपासून वरच्या धारेपर्यंतचा भाग आपण मोजत नाही, तो कोनावरून धरून चालतो. त्यामुळे कोन चुकला की चूक तिथेच शिरते. कोन ९० ऐवजी ९१ निघाला तर १२ चा छर्रा व्यासात सुमारे ०.०८ चुकवतो, १६ चा फक्त ०.०३. थोडक्यात, धारेच्या जवळ पण धारेच्या खाली टेकणारा मोठा छर्रा चांगला.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही होतो, आणि माझ्या मते व्हर्नियर सोडण्याचं खरं कारण हेच. एकाच भोकात १२ आणि १६ असे दोन्ही छर्रे लावून बघा. दोघांनी सारखाच व्यास दिला तर कोन बरोबर. हाताने धार लावलेल्या एका काउंटरसिंकने मारलेल्या भोकात १२ च्या छर्‍याने १३.१२ दिला, १६ च्याने १३.०४. लहान छर्रा जास्त दाखवत असेल तर कोन ९० पेक्षा कमी. हिशेब केला तर सुमारे ८८.४ अंश, आणि खरा व्यास १२.९९. व्यास टॉलरन्समध्येच होता, पण स्क्रूचं डोकं शंकूवर पूर्ण न बसता वरच्या कडेवर टेकत होतं. व्हर्नियरला हे कधीच दिसलं नसतं. अर्थात यातून कोन दशांशापर्यंत काढायला जाऊ नका. उंचींच्या फरकात ०.०२ ची चूक झाली तरी कोन पाऊण अंशाने हलतो. कटर बदलायचा की नाही एवढं ठरवायला ते पुरतं.

त्रास देतात ते बर आणि चॅटर. भोकाच्या काठाचा बर स्लिप गेजखाली आला की सगळं वर उचललं जातं, म्हणून आधी सपाट ऑइलस्टोन फिरवतो. चॅटर झालेल्या शंकूत छर्रा आत आलेल्या उंचवट्यांवर बसतो, त्यामुळे व्यास लहान दाखवतो. ओळखायला सोपं आहे: बोटाने छर्रा हलका फिरवून दाबा, डुगडुगला किंवा परत घेतलेलं वाचन बदललं तर ते भोक छर्‍याने मोजायच्या लायकीचं नाही. ॲल्युमिनियमवर दांडा जोराने टेकवला तर छर्‍याची खूण पडते, तिथे हात हलका ठेवा.

एक वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. धार थोडी गोल झाली असेल तर व्हर्नियरला डोळ्यांनी दिसतो तो गोलाईसकटचा मोठा व्यास. छर्रा मात्र शंकू सरळ वर नेला तर पृष्ठभागाला जिथे भेटेल तो व्यास सांगतो. मी छर्‍याच्या बाजूचा आहे, कारण स्क्रू शंकूवर बसतो, गोलाईवर नाही. पण ग्राहकाचा माणूस काय मोजतो हे आधी विचारून घ्या. त्याच्याकडे काउंटरसिंकचा डायल गेज असेल तर त्याचा शंकूच्या टोकाचा प्लंजर नेमका धारेवरच टेकतो, आणि गोल धारेच्या भोकात दोघांची मापं जुळणार नाहीत.

वेगाच्या बाबतीत तो गेज सरसच. छर्‍याने एका भोकाला दोन-तीन मिनिटं जातात, त्यामुळे लाइनवर प्रत्येक भोक असं मोजणं परवडत नाही. आम्ही सेटिंगची पहिली प्लेट, कटर बदलल्यानंतरची प्लेट आणि भांडणाचं भोक एवढंच छर्‍याने मोजतो. एम ३ च्या खाली तर मी हे करतच नाही: स्लिप गेजच्या मधल्या फटीत इवलासा छर्रा आणि त्यावर मायक्रोमीटरचा जाड दांडा, नीट टेकला की नाही हेच कळत नाही. तिथे प्रोफाइल प्रोजेक्टर असलेल्या लॅबला जॉब पाठवतो.