कुर्त्यासाठी कापड: मागावरचं की होजिअरीचं?

मराठीत मागावर धोतर विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात, त्यामुळे नुसतं ‘विणलेलं कापड’ म्हटलं की कोणतं ते कळत नाही. म्हणून इथे पॉपलिन, खादी, मलमल यांना मागाचं कापड म्हणतो आणि टी-शर्ट-बनियनच्या कापडाला होजिअरी. मी गेल्या तीन वर्षांत घरी स्वतःसाठी मागाच्या कापडाचे चार आणि होजिअरीचे तीन कुर्ते शिवले. सातही सुतीच, फक्त होजिअरीच्या तिसऱ्यात लायक्रा मिसळलेला. त्यामुळे फरक जाणवला तो कापूस बदलल्याने नव्हे, तर धागा गुंफण्याची पद्धत बदलल्याने.

आधी ताण. मागाच्या कापडात उभे आणि आडवे धागे जवळजवळ सरळच एकमेकांच्या वरून-खालून जातात. सरळ धागा ओढून किती वाढणार? म्हणून उभ्या अंगाने ते फारसं हलत नाही, आडव्या अंगाने किंचित जास्त देतं. खरं देतं ते उरेब ओढल्यावर, कारण तेव्हा धागे ताणले जात नाहीत, त्यांच्यामधल्या चौकटी तिरक्या होतात. होजिअरीत धागा टाक्यामागून टाका घेत वळणं घालत जातो. कापड ओढलं की ही वळणं सरळ होतात, सोडलं की पुन्हा आकसतात. कुर्ता अंगावर घट्ट बसवायचा असेल, हात डोक्यावर नेताना काखेत ओढ नको असेल, तर इथे होजिअरीशी कुणाची बरोबरी नाही.

पण मला अडचण आली ती ‘पुन्हा आकसतात’ या दोन शब्दांत. निव्वळ सुती होजिअरी ताणते भरपूर, परत येते मात्र थोडी कमी. पहिल्या कुर्त्याला मी नेहमीप्रमाणे उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा घातला. त्यात रोज मोबाइल, कधी किल्ल्या. महिन्याभरात लक्षात आलं, की संध्याकाळी घेराची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खाली येते. सुरुवातीला धुतल्यावर ती बरोबर व्हायची. चौथ्या महिन्यापासून होईना. वर ओला कुर्ता दोरीवर लटकवला, की पाण्याच्या वजनाने तो उभा आणखी ओढला जायचा. गळ्याची पट्टीही डोक्यातून घालून-काढून लाटेसारखी झाली. दुसऱ्या कुर्त्याला खांद्याच्या शिवणीत आणि खिशाच्या तोंडाला न ताणणारी सुती नाडी घातली आणि तो सपाट पसरून वाळवला. फरक पडला, पण घेर खाली यायचा तो आलाच. लायक्रा मिसळलेलं कापड परत चांगलं येतं असा माझा तिसऱ्या कुर्त्याचा अनुभव आहे. मात्र उन्हाळ्यात ते मला निव्वळ सुतीइतकं मोकळं वाटलं नाही.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. काठापासून आत कापडाचा आडवा १० सेंटीमीटरचा भाग दोन्ही चिमटींत धरावा, १३ पर्यंत ताणून सावकाश दहा आकडे मोजावे आणि सोडावा. तो १० ला आला तर ठीक, साडेदहावर थांबला तर त्याला वजन पेलायला लावू नये.

सुरकुत्यांचा हिशेब होजिअरीच्याच बाजूने जातो. कापूस ओलावा, ऊब आणि दाब यांनी चुरगळतो. घामाच्या ओलीने धाग्याच्या आतले सूक्ष्म बंध सैल होतात आणि वाळताना दुमडलेल्या जागीच पुन्हा जुळतात. मागाच्या घट्ट कापडात धाग्याला सरकायला जागा नसते, त्यामुळे घडी तिथेच पक्की होते. होजिअरीत टाका थोडा सरकून दुमड पोटात घेतो. नाशिकहून मुंबईला रेल्वेने जाऊन उतरलो, की पॉपलिनच्या कुर्त्याला मांड्यांवर आणि पाठीच्या खाली चुण्यांची जाळी पडलेली असायची. होजिअरीचा कुर्ता पाहून प्रवास केलाय असं वाटायचं नाही. मागाच्याच कापडात तिरप्या विणीचं ट्विल घेतलं तर धागा थोडा मोकळा राहतो आणि सुरकुत्या कमी दिसतात, एवढी सोय आहे. आणि ज्या ओलीने चुण्या पडतात त्याच ओलीने त्या निघतात: मुक्कामी पोहोचल्यावर पाण्याचा हलका फवारा मारून हाताने ओढून हँगरला लावला, तर सकाळपर्यंत बराच सरळ होतो.

आता दशा. यात मागाचं कापड सरळ हरतं, हे मान्यच करायला हवं. कापलेल्या काठावरचे धागे कुणी धरून ठेवलेले नसतात, ते एकेक करून निसटतात. वीण जितकी विरळ तितकं लवकर. माझ्या पहिल्या खादीच्या कुर्त्याला मी पाव इंच माया सोडली आणि काठ तसाच ठेवला. सात-आठ धुण्यांनंतर काखेजवळची माया दशा होऊन संपत आली आणि हात वर केल्यावर शिवणीला लागून धागे सरकून फट पडली. तिथे परत टाका मारायला कापडच उरलं नव्हतं.

त्यानंतर विरळ कापडाला पाऊण इंच माया सोडतो. कापड आणलं की भिजवण्याआधीच दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग मारतो, नाहीतर बादलीतून दशांचा गुंता बाहेर येतो. बाजूच्या शिवणी आधी उलट्या अंगाला नव्हे, सुलट्या अंगाला पाव इंचावर मारायच्या, कडा कापून कापड पलटायचं आणि दुसरी शिवण मारायची. कच्चा काठ आतच कोंडला जातो. बाजूला जिथे कट सुरू होतो तिथे मात्र ओव्हरलॉकच लागतं. (आपल्याकडे शिंपी त्याला ‘इंटरलॉक’ म्हणतात. कापडाच्या दुकानात इंटरलॉक मागाल तर दुपदरी जाड होजिअरी पुढे येईल.) एका कुर्त्यामागे याला माझा दीड तास जास्त जातो.

होजिअरीला दशा जवळजवळ नाहीत, पण तिचा काठही गप्प बसत नाही. साधी पातळ होजिअरी कापली की उभे काठ उलट्या अंगाकडे आणि आडवे काठ सुलट्या अंगाकडे गुंडाळतात, आणि मशीनच्या पायाखाली ते सपाट धरून ठेवणं हेच एक काम होतं. टोकदार सुई टाका तोडते, मग तिथून शिडीसारखी रेघ धावते. म्हणून गोल टोकाची सुई आणि बारीक झिगझॅग. सरळ टाका मारला तर कापड ताणतं आणि दोरा तटकन तुटतो.

झोपायचे कपडे, वाढतं मूल, नाहीतर रोज चार तासांचा प्रवास आणि इस्त्रीला वेळ नाही, अशा वेळी मी होजिअरीच घ्या म्हणेन. खिशाचा रोजचा कुर्ता असेल तर माझा हात पॉपलिनकडे जातो. दशांचा बंदोबस्त शिवतानाच करता येतो, सुरकुतीला पाणी किंवा पाच मिनिटांची इस्त्री पुरते, पण चार महिन्यांनी खाली उतरलेला घेर वर नेण्याचा उपाय मला तरी सापडला नाही. कापून सारखा केला तर पुढच्या महिन्यात तीच बाजू पुन्हा उतरते. तुमचा मोबाइल हातात किंवा पिशवीत असतो का, हे मात्र आधी बघा. तसं असेल तर माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागू होणार नाही.