डीव्हीआर, आठ महिन्यांनंतर: घरात दिसतं, बाहेर पडलं की गायब

चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घेऊन आठ महिने झाले. खोक्यावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असतं, ते पुन्हा उतरवत नाही. चित्र चांगलं आहे, रात्री गेटपाशी उभा असलेला माणूस ओळखू येतो, आतापर्यंत रेकॉर्डिंग एकदाही तुटलेलं नाही. एवढं कौतुक पुरे. मला लिहायचंय ते एका शब्दाबद्दल. नेटवर्कच्या मेनूत UPnP नावाचं पान आहे आणि तिथे हिरव्या अक्षरांत Success असं येतं. या हिरव्या शब्दाने माझे सहा आठवडे खाल्ले.

सुरुवात फिटिंगच्या दिवसापासून करतो, कारण पहिली चूक तिथली. कॅमेरे बसवणाऱ्याने सोफ्यावर बसून माझ्या मोबाइलवर चारही चित्रं दाखवली, "झालं बघा साहेब" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. मोबाइल तेव्हा घरच्या वायफायवर होता. वायफायवर मोबाइल आणि डीव्हीआर एकाच राउटरला जोडलेले असतात, त्यामुळे चित्र राउटरच्या बाहेर जातच नाही. म्हणजे त्याने मला काहीच दाखवलं नव्हतं. वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर दाखव, एवढं वाक्य मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून अ‍ॅप उघडलं, गोल चक्र फिरत राहिलं. फोन केल्यावर तो पुन्हा आला आणि त्याने पोर्ट फॉरवर्डिंग केलं. डीव्हीआरला हाताने 192.168.1.108 हा पक्का पत्ता दिला आणि राउटरला सांगून ठेवलं की बाहेरून 37777 या पोर्टवर, म्हणजे या क्रमांकाच्या दारावर, जे येईल ते या पत्त्यावर पाठव. हे चाललं, छान चाललं. फक्त वीज जाऊन राउटर परत सुरू झाला की इंटरनेटवाला आमच्या घराला नवा पत्ता द्यायचा आणि अ‍ॅपमध्ये तर जुनाच भरलेला. मग मी घरी फोन करायचा, आईने राउटरवरच्या पानावरचे आकडे वाचून दाखवायचे आणि मी ते टिपून घ्यायचे. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "तूच घरी येऊन बघ ना गेट." मग राउटरमधलंच डीडीएनएस चालू केलं. त्यात घराला एक नाव मिळतं, पत्ता बदलला की राउटर त्या नावापुढे नवा पत्ता लिहून येतो आणि अ‍ॅपमध्ये आपण फक्त नाव भरायचं. फुकट सेवा, दहा मिनिटांचं काम. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

पाचव्या महिन्यात एके सकाळी बाहेरून दिसणं बंद झालं. घरात सगळं ठणठणीत. बसवणारा म्हणाला, इंटरनेटवाल्याला विचारा. इंटरनेटवाला म्हणाला, नेट चालतंय ना? मग कॅमेरेवाल्याला विचारा. राउटर रिसेट केला, फॉरवर्डिंगचे नियम तीनदा पुसून पुन्हा लिहिले, नेटवर्कची केबल बदलली. बसवणाऱ्याच्या सांगण्यावरून UPnP सुद्धा चालू केलं. या सोयीत डीव्हीआर स्वतःच राउटरला पोर्ट उघडायला सांगतो. आणि तिथे तो शब्द उगवला. Success. मी रोज संध्याकाळी ते पान उघडून बघत होतो. पोर्ट उघडलाय असं यंत्र स्वतः म्हणतंय, म्हणजे दोष माझ्या फोनमध्ये असणार, असं समजून मी फोनसुद्धा रिसेट केला.

उत्तर त्याच पानावर, त्याच शब्दाच्या वर, बारीक करड्या अक्षरांत होतं. WAN IP म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता. आपला पत्ता दाखवणारी एखादी वेबसाइट घरच्या वायफायवरून उघडली की जगाला आपण कुठल्या पत्त्यावरून दिसतो ते कळतं. दोन्ही शेजारी लिहिले (जगाला दिसणाऱ्या पत्त्याचे आकडे इथे बदलले आहेत):

```
WAN IP (राउटर):   100.72.14.9
वेबसाइटवर दिसला:  203.0.113.87
```

हे दोन आकडे एकच असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. वेगळे असतील तर आपल्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलाय आणि त्याची चावी आपल्याकडे नाही. पहिला आकडा 100.64 ते 100.127 यांतला असेल तर तो दुसरा राउटर इंटरनेट कंपनीचाच आहे असं खुशाल समजा, कारण ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये याच कामासाठी वेगळी काढून ठेवली आहे. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत, ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या बऱ्याच घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात. आतून बाहेर जाताना अडचण येत नाही, म्हणून नेट सुरळीत वाटतं. बाहेरून कोणी 37777 वर आलं की कंपनीच्या राउटरला कळत नाही ते कुठल्या घरासाठी आहे, आणि तो ते टाकून देतो.

Success खोटं बोलत नव्हतं, हे कबूल. डीव्हीआरने राउटरला विचारलं, राउटरने स्वतःचं दार उघडलं आणि "झालं" म्हणून कळवलं. त्याच्या पलीकडे जिना बंद आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण पत्ता 100.72 ने सुरू होतोय हे यंत्राला दिसत होतं ना? तिथे एक पिवळी ओळ टाकायला कितीसं लागतं? डीडीएनएसची गंमत तर आणखी वेगळी. राउटर इमानदारीने माझ्या नावापुढे 100.72.14.9 लिहून येत होता, आणि त्या पत्त्यावर बाहेरून कोणालाच पोचता येत नाही.

आता इंटरनेटवाल्याला फोन करून नेमका प्रश्न विचारला: "माझं कनेक्शन सीजीनॅटखाली टाकलंय का?" पलीकडचा सूर लगेच बदलला. हो, गेल्या महिन्यात तुमचा भाग हलवलाय. स्वतंत्र पत्ता हवा असेल तर दरमहा वेगळे पैसे. विकत घेतलेल्या वस्तूत आपलंच गेट बघायला जन्मभर भाडं भरणं माझ्या स्वभावात नाही. नाही म्हणालो.

राहिलं क्लाउड. यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर, त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो. फोनही त्याच सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. आतून बाहेर जायला सीजीनॅट आडवं येत नाही, म्हणून हे चालतं. आपल्या घराचं चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर नको, असं मी चार महिने सगळ्यांना ऐकवत होतो. आता गुपचूप P2P च्या पानावर गेलो, मेनूत क्लाउडचं नाव तेच आहे, आणि ते चालू केलं. स्थिती: Offline.

याचं कारण सापडायला एक संध्याकाळ लागली. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. पक्का पत्ता देताना बसवणाऱ्याने तिच्या रकान्यात दुसऱ्याच कुठल्या जागेचा पत्ता ठेवला होता. फॉरवर्डिंगला नाव शोधावं लागत नाही, म्हणून चार महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. क्लाउडला मात्र सर्व्हरचं नाव आधी शोधावं लागतं. रकान्यात गूगलच्या डीएनएसचा पत्ता 8.8.8.8 भरला, मिनिटभरात Online.

मग डीव्हीआरच्या पोटावरच्या स्टिकरचा क्यूआर कोड स्कॅन केला. उत्तर आलं: हे यंत्र आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. बसवणाऱ्याने दुकानात तपासताना ते स्वतःच्या खात्यात घालून ठेवलं होतं. "सोयीसाठी ठेवतो साहेब, उद्या काही अडलं तर." म्हणजे माझं यंत्र Online झालं त्या क्षणी माझ्या गेटचा रस्ता त्याच्या फोनवर खुला झाला होता. खात्यातून काढून टाकायला त्याने चार दिवस लावले. त्या चार दिवसांत मी P2P बंद ठेवलं आणि admin चा पासवर्ड बदलला, कारण तोही त्यानेच ठेवला होता.

आता दोन महिने क्लाउडवर आहे, आणि माझं मत निम्मं बदललं आहे. कधी सर्व्हर फक्त गाठ घालून बाजूला होतो आणि फोन-डीव्हीआर थेट बोलतात. तसं जमलं नाही तर सगळं चित्र सर्व्हरमधून वळसा घालून येतं, याला रिले म्हणतात. कुठलं चालू आहे ते माझं अ‍ॅप सांगत नाही, पण ओळखता येतं. चित्राच्या कोपऱ्यात डीव्हीआरचं घड्याळ छापलेलं असतं. घरी ते फोनच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. बाहेर कामाच्या ठिकाणच्या वायफायवर ते साधारण दोन सेकंद मागे असतं, मोबाइलच्या डेटावर सहा-सात सेकंद, आणि काही मिनिटांनी चित्र थांबून "पुढे पाहायचं का" असं विचारतं. हा रिले. दुकानातल्या डेमोत हे कोणी दाखवणार नाही.

थेट चित्रासाठी अ‍ॅपमध्ये सब स्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची हलकी आवृत्ती, निवडला तर रिलेवरही बरं चालतं, कारण माझ्याकडे तो सुमारे ५१२ केबीपीएसचा आहे. मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, एका कॅमेऱ्याचा २ एमबीपीएस. मागचं रेकॉर्डिंग मात्र माझ्या डीव्हीआरवर मेन स्ट्रीमचंच असतं, आणि तिथे रिले गुडघे टेकतो. मागच्या आठवड्यात गेटपाशी ठेवलेलं पार्सल कोणी उचललं ते बघताना दोन मिनिटांच्या तुकड्याला नऊ मिनिटं लागली. (शेजारच्या काकूंनी पावसात भिजू नये म्हणून आत नेलं होतं.)

मत बदलायचं खरं कारण दुसरंच. फॉरवर्डिंगच्या काळातला डीव्हीआरचा लॉग एकदा सहज उघडला. चुकीच्या पासवर्डने लॉगिन करण्याचे प्रयत्न पानंच्या पानं, बहुतेक पहाटे, आणि त्यातला एकही पत्ता माझ्या ओळखीचा नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच, कारखान्यातला पासवर्ड तसाच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, हे वाचलं होतं. ते आपल्या दारावरही टकटक करत असेल असं वाटलं नव्हतं. सीजीनॅट आल्यापासून लॉगमध्ये तसली एकही नोंद नाही. इंटरनेटवाल्याला त्याबद्दल धन्यवाद द्यायची माझी तयारी नाही.

राउटरमधले फॉरवर्डिंगचे नियम पुसले आहेत, डीडीएनएस बंद केलं आहे. UPnP बंद करायला त्या पानावर गेलो तेव्हाही ते हिरवं Success तिथेच होतं. पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीडमधला एक त्या शब्दाचा, अर्धा बसवणाऱ्याच्या सोयीचा.