वाड्याच्या बोळातून वळणारा कॅमेरा: ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमधील तीन पद्धतींची तुलना

जळगाव, धुळे, भुसावळ या भागात घरांचे आणि जुन्या वाड्यांचे वॉकथ्रू ब्लेंडरमध्ये करून देणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो: कॅमेऱ्याची चाल सहज वाटावी यासाठी ग्राफ एडिटरमधील वक्र हाताने घडवावेत, तयार ईझिंग वापरावे, की कॅमेरा एका मार्गावर बसवून केवळ त्याचा वेग सांभाळावा? तिन्ही पद्धती चालतात, परंतु त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. कोणती निवडावी हे शॉटमध्ये वळणे किती आहेत आणि पुढे बदल किती होणार आहेत यावर ठरते. म्हणून येथे एकच शॉट घेऊन तिन्ही पद्धती त्यावर तपासल्या आहेत.

समजा, अमळनेरकडच्या जुन्या बांधणीच्या एका माळवदी वाड्याचे मॉडेल तयार आहे. कॅमेरा दिंडी दरवाजातून आत येतो, दोन मीटर रुंदीच्या बोळाच्या मध्यातून दहा मीटर सरळ जातो, डावीकडे काटकोनात वळतो आणि आणखी आठ मीटर जाऊन चौकाच्या तोंडाशी थांबतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि शॉट 15 सेकंदांचा ठेवला, तर 360 फ्रेममध्ये 18 मीटर अंतर कापायचे आहे. सरासरी वेग सेकंदाला 1.2 मीटर पडतो, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. पहिला भाग X अक्षावर आणि दुसरा Y अक्षावर आहे, असे मानू.

हाताने घडवलेले वक्र

बहुतेक जण पहिल्यांदा तीन कीफ्रेम लावतात: फ्रेम 1 वर दरवाजा, फ्रेम 200 वर कोपरा आणि फ्रेम 360 वर चौक. ब्लेंडर नव्या कीफ्रेमला मुळातच Bezier इंटरपोलेशन आणि Auto Clamped प्रकारची हँडल देते, त्यामुळे वक्र दिसायला गुळगुळीत असतात. तरीही शॉट चालवून पाहिला की कॅमेरा कोपऱ्यावर येऊन चक्क थांबतो आणि मग पुन्हा निघतो.

याचे कारण वक्रांतच आहे. X ची मूल्ये 0, 10, 10 अशी आहेत आणि Y ची 0, 0, 8 अशी. Auto Clamped प्रकार ठरवून दिलेल्या मूल्याच्या पलीकडे वक्र जाऊ देत नाही, म्हणून जिथे मूल्य वाढायचे थांबते किंवा वाढायला लागते तिथे तो हँडल आडवे करतो. वक्राचा चढ म्हणजेच वेग असल्यामुळे आडवे हँडल म्हणजे शून्य वेग. कोपऱ्याच्या कीफ्रेमवर X आडवा होतो आणि नेमका त्याच फ्रेमवर Y सुद्धा आडवाच असतो. दोन्ही वेग एकाच वेळी शून्य झाले की कॅमेऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

यावर पुष्कळ जण ती कीफ्रेम निवडून V दाबतात आणि प्रकार बदलून Automatic करतात. थांबा जातो खरा, पण वक्र आता मूल्याच्या पलीकडे झोके घेऊ लागतो. कोपऱ्याआधी Y शून्याच्या खाली उतरतो आणि कोपऱ्यानंतर X दहाच्या वर चढतो. या उदाहरणात दोन्हीकडे अर्ध्या मीटरहून अधिक. कॅमेरा डावीकडे वळण्याआधी उजव्या भिंतीकडे सरकतो आणि वळल्यावर समोरच्या भिंतीच्या बाजूने बाहेर फेकला जातो. मध्यापासून भिंत जेमतेम एक मीटरवर असलेल्या बोळात ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

खरा उपाय हँडलचा प्रकार बदलण्यात नसून कोपऱ्याची कीफ्रेम काढून टाकण्यात आहे. X ला फ्रेम 1 वर 0 आणि फ्रेम 230 वर 10 अशा दोनच कीफ्रेम ठेवाव्यात. Y ला फ्रेम 160 वर 0 आणि फ्रेम 360 वर 8. आता 160 ते 230 या टप्प्यात X मंदावत असताना Y वेग घेत असतो आणि कोपरा आपोआप गोलाकार होतो. फ्रेम 200 च्या आसपास कॅमेरा X वर साधारण साडेनऊ आणि Y वर पाऊण ते एक मीटर अशा जागी असतो, म्हणजे आतल्या बाजूच्या भिंतीच्या कोनापासून तो सुखरूप दूर राहतो. वेग वळणावर थोडा कमी होऊन सेकंदाला एक मीटरच्या घरात येतो, पण थांबत नाही. चालणारा माणूसही वळणावर असाच किंचित सावरतो.

कॅमेऱ्याचे फिरणे वेगळे सांभाळावे लागते. येथे Rotation चा Z −90 पासून 0 अंशांपर्यंत जातो, आणि तो फ्रेम 140 च्या सुमारास सुरू करून 235 च्या सुमारास संपवावा असे मला वाटते, कारण माणसाची नजर पावलांच्या आधी वळते. नजर आणि पाऊल एकाच फ्रेमवर सुरू झाले की कॅमेरा रुळावर बांधल्यासारखा भासतो. अंशांचे आकडे मीटरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ग्राफ एडिटरमध्ये स्थानाचे वक्र जवळजवळ सपाट दिसतात. अशा वेळी Normalize चालू करावे, म्हणजे सगळे वक्र एकाच उंचीत बसतात आणि त्यांच्या आकारांची तुलना करता येते.

शेवटच्या कीफ्रेमच्या डाव्या हँडलची लांबी वाढवून कॅमेरा चौकात हळूहळू स्थिरावेल असे करता येते, आणि सुरुवातीचे हँडल त्यामानाने आखूड ठेवता येते. हा असमान आकार हाताने घडवलेल्या वक्राची खरी कमाई आहे. मात्र Auto Clamped हँडल ओढले की त्याचा प्रकार बदलून Aligned होतो. त्यानंतर शेजारची कीफ्रेम सरकवली, तरी ते हँडल स्वतःहून जुळवून घेत नाही, हे लक्षात ठेवावे.

तयार ईझिंग

T दाबल्यावर येणाऱ्या यादीत Sinusoidal, Quadratic, Cubic, Quintic अशी तयार समीकरणे असतात. हे इंटरपोलेशन निवडलेल्या कीफ्रेमपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतच्या भागाला लागू होते आणि त्या भागात हँडलचा काहीही परिणाम होत नाही. झटपट काम उरकणाऱ्यांना ही पद्धत आवडते, परंतु तिच्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला असा की, या समीकरणांच्या बाबतीत Automatic Easing चा अर्थ Ease In असा होतो. कॅमेरा हळू निघतो, वेग वाढवत जातो आणि पूर्ण वेगात असतानाच धाडकन थांबतो. त्यासाठी Ctrl+E दाबून Ease In and Out निवडावेच लागते.

दुसरा खळगा अधिक फसवा आहे. दोन्ही टोकांना मंद असणाऱ्या Sinusoidal वक्रात मधला कमाल वेग सरासरीच्या सुमारे 1.57 पट असतो, Quadratic मध्ये तो दुप्पट, Cubic मध्ये तिप्पट आणि Quintic मध्ये पाचपट होतो. दहा मीटरचा बोळ आठ सेकंदांत पार करायचा असेल, तर सरासरी वेग सेकंदाला 1.25 मीटर आहे. Cubic निवडताच बोळाच्या मध्यावर तो 3.75 मीटर होतो, म्हणजे माणूस पळत सुटल्यासारखा. वक्र मात्र पडद्यावर फार सुंदर दिसतो, आणि म्हणूनच नवशिके तो निवडतात. तुलनेसाठी सांगायचे तर ब्लेंडरच्या आडव्या हँडलांचा साधा Bezier वक्र दीडपटीहून किंचितच वर जातो.

शिवाय Ease In and Out चा प्रत्येक भाग दोन्ही टोकांना शून्य वेगावर येतो, त्यामुळे तीन कीफ्रेमच्या चालीत तीच कोपऱ्यावरची थबक परत येते. म्हणून ही पद्धत दोनच कीफ्रेमच्या, एकाच दिशेच्या चालीसाठी राखून ठेवावी: पारोळ्याच्या किल्ल्याच्या तटावरून पायथ्यापासून माथ्यापर्यंत उचललेली नजर, किंवा रावेरकडच्या केळीच्या बागेवरून सरळ वर गेलेला कॅमेरा. तिथे Sinusoidal पुरेसे ठरते.

मार्गावर बसवलेला कॅमेरा

तिसऱ्या पद्धतीत बोळाच्या मध्यातून एक Bezier कर्व्ह काढून त्याचा कोपरा हवा तसा गोल करतात आणि कॅमेऱ्याला Follow Path कन्स्ट्रेंट लावतात. त्यात Fixed Position चालू केले की Offset Factor हे 0 ते 1 असे एकच मूल्य उरते. कॅमेऱ्याचे स्वतःचे स्थान Alt+G ने आधी शून्य करावे, नाहीतर तेवढ्या अंतराने तो मार्गापासून बाजूला उभा राहतो.

इथे मोठा फरक पडतो तो हा की, कॅमेरा कुठून जाईल हे कर्व्ह ठरवतो आणि किती वेगाने जाईल हे ग्राफ एडिटरमधला एकच वक्र ठरवतो. हे मूल्य मार्गाच्या लांबीच्या प्रमाणात मोजले जाते, म्हणून वक्र सरळ रेषेत असेल तर कोपऱ्यावरही वेग तोच राहतो. ही एकसारखी गती सोयीची असली तरी थोडी यांत्रिक वाटते. वळणावर किंचित मंदपणा हवा असेल तर तो वक्रात स्वतः घालावा लागतो. नजरेसाठी Follow Curve चालू करण्याचा मोह होतो, परंतु मग कॅमेरा क्षणोक्षणी मार्गाच्या स्पर्शरेषेकडेच पाहतो आणि वळणाआधी नजर वळवण्याची संधी जाते. ते बंद ठेवून Rotation ला स्वतंत्र कीफ्रेम लावणे मला अधिक योग्य वाटते.

पद्धत कोणतीही असो, तपासणी एकाच प्रकारे करता येते. कॅमेरा निवडून Object Properties मधील Motion Paths काढले की व्ह्यूपोर्टमध्ये प्रत्येक फ्रेमचा एक ठिपका दिसतो. ठिपके दाटले तिथे वेग कमी, विरळ झाले तिथे जास्त. कोपऱ्यावर ठिपक्यांचा गठ्ठा दिसला तर कॅमेरा तिथे थांबतो आहे, आणि ठिपक्यांची रांग कोपऱ्याआधी उलट्या बाजूला झुकली तर वक्र मूल्याच्या पलीकडे गेला आहे. ग्राफ एडिटरमध्ये X आणि Y वेगवेगळे दिसत असल्यामुळे या दोन्ही गोष्टी तिथे सहज निसटतात.

या वाड्यासारख्या एका वळणाच्या शॉटसाठी मी हाताने घडवलेले वक्रच निवडेन, कारण दोन अक्षांच्या वेळा एकमेकींवर चढवून मिळणारे वळण मार्गावरच्या एकसारख्या गतीपेक्षा अधिक जिवंत वाटते. वळणे दोनाहून अधिक झाली, उदाहरणार्थ बोळ, चौक, ओसरी आणि जिना अशी सलग फेरी असली, तर प्रत्येक अक्षाच्या वेळा जुळवत बसणे हाताबाहेर जाते आणि मार्गाची पद्धतच शहाणपणाची ठरते. घरमालक किंवा बिल्डर मधल्याच टप्प्यावर “जरा हळू घ्या” असे सांगण्याची शक्यता असेल, तर वळण एकच असतानाही मार्गाकडे झुकावे: तिथे एका वक्राची शेवटची कीफ्रेम 360 वरून 430 वर नेऊन फिरण्याच्या कीफ्रेम त्याच प्रमाणात सरकवल्या की काम होते, तर हाताने घडवलेल्या चालीत स्थान आणि फिरणे यांच्या सर्व कीफ्रेम एकत्र ताणाव्या लागतात आणि त्यानंतर हँडल पुन्हा एकदा नजरेखालून घालावी लागतात.