इतिवृत्ताचं अर्ध पान: नऊ महिने वापरून झाल्यावर

फोंड्यातल्या आमच्या 24 घरांच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. मासिक सभेचं इतिवृत्त पाच-सहा पानं भरायचं आणि ते कोणी वाचायचं नाही. म्हणून एप्रिल 2025 पासून त्याचा अर्ध्या पानाचा सारांश काढून सगळ्यांना पाठवते. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच. आधी वाटलं होतं, गप्पा गाळल्या की झालं. पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडले.

गच्चीच्या गळतीचा विषय होता. इतिवृत्तात पहिल्या पानावर लिहिलेलं: "खजिनदारांनी दोन कोटेशन आणावीत. ती 10 मेपर्यंत येतील असे वाटते." मग पार्किंग, मग 304च्या काकांचा पाण्याच्या टाकीवरचा नेहमीचा पाढा. आणि पाचव्या पानावर तळाला: "गळतीवर पुन्हा चर्चा होऊन तीन कोटेशन घ्यावीत व काम पावसाआधी उरकण्यात यावे, असे ठरले." मी वरून खाली वाचत गेले आणि पहिलं सापडलं ते उचललं: खजिनदार, दोन कोटेशन, 10 मे. खजिनदारांनी दोन आणली. पुढच्या सभेत काकांनी पाचवं पान उघडून दाखवलं, आणि तिसऱ्या कोटेशनसाठी आणखी दोन आठवडे गेले.

तेव्हापासून मी इतिवृत्त शेवटाकडून वाचते. एकच विषय दोनदा आला असेल, तर नंतरचा निर्णय खरा. "येतील असे वाटते" ही मुदत नव्हे, ती आशा. तिला तारखेच्या रकान्यात जागा नाही.

"पावसाआधी"ने वेगळाच घोळ केला. गोव्यात मान्सून सहसा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून मी बिनदिक्कत 5 जून लिहिलं. 2025 साली तो 25 मेलाच आला. कंत्राटदार म्हणाला, स्लॅब कोरडा झाल्याशिवाय लेप लावणार नाही. खजिनदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्हीच तर 5 जून लिहिलेलं!" सभेत ती तारीख कोणी उच्चारलीच नव्हती. आता सभेतले शब्द जसेच्या तसे ठेवते आणि तारीख काढलीच, तर ती माझी आहे हे शेजारी लिहिते. "चवथीआधी" म्हटलं की अजून तशीच सावध होते. 2024 ला चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. रंगकाम करून घेणाऱ्यांच्या डोक्यात आदल्या वर्षीचीच तारीख असते.

पण खरी डोकेदुखी आपल्या मराठीची आहे. "करण्यात यावे", "पाहिले जाईल", "समितीने लक्ष घालावे". असं वाक्य छान सरकारी वाटतं आणि करणारा माणूस त्यात अलगद गडप होतो. सुरुवातीला मी मनानेच नाव घालायचे, ज्याने विषय काढला त्याचं. एकदा 101च्या भाईंनी फोन करून झाडलं: "मी फक्त सुचवलं होतं हो, करतो कधी म्हटलं?" बरोबर होतं त्यांचं. आता नाव नसेल तर "कोणी: ठरलेलं नाही" असं लिहिते आणि तो मसुदा पाठवण्याआधी अध्यक्षांना विचारते. शिवाय आमच्याकडे एकाच आडनावाची तीन घरं आहेत, त्यामुळे नावापुढे फ्लॅट नंबर लागतोच.

ऑगस्टचा सारांश असा होता:

पाण्याची टाकी साफ करणे: 203 (खजिनदार), "चवथीआधी" (माझ्या हिशेबाने 24 ऑगस्ट).
जिन्यातले दिवे: 101, 15 सप्टेंबर, वायरमनचा खर्च 2,000च्या आत असेल तरच.
ओल्या कचऱ्याचा खड्डा: कोणी ठरलेलं नाही, तारीख नाही.

दुसऱ्या ओळीतलं "तरच" बघा. कात्री चालवताना अशी अट सगळ्यात आधी गळते, कारण ती वाक्याच्या शेपटाला असते. ती गळली की 101च्या भाईंना पैसे देऊन वर बोलणी खावी लागतात.

पाठवण्याआधी एक उलट तपासणी करते. इतिवृत्तातल्या प्रत्येक नावाला आणि तारखेला पेन्सिलीने गोल करायचा, आणि सारांशात ते आलं की खोडायचं. जे गोल उरतात ते नुसत्या चर्चेतले आहेत ना, हे बघायचं. या सगळ्याला पाऊण तास लागतो, आणि खरं सांगायचं तर तो जाचतो.

एक त्रुटी मात्र राहिली. रंगाच्या ठरावाला 202च्या वहिनींनी विरोध नोंदवला होता, तो मी "चर्चा" समजून उडवला. त्या चिडल्या, आणि चिडणारच. आता शेवटी "विरोध" अशी एक ओळ ठेवते. मूळ इतिवृत्त मात्र वहीतच राहतं, सह्यांसकट. वाद झाला तर वहीच उघडायची, माझं अर्ध पान नव्हे.

कचऱ्याचा खड्डा तीन महिने "ठरलेलं नाही" म्हणून दिसत राहिला. नोव्हेंबरच्या सभेत वहिनीच म्हणाल्या, "ते वाचून वाचून कंटाळा आला गो, घाल माझं नाव." मी विचारलं, "तारीख?"