नवऱ्याने दुरुस्त करून आणलेला फोन, सात हजार एकोणपन्नास रुपये आणि मी घाईत पुसून टाकलेला पुरावा

सात हजार एकोणपन्नास रुपये. त्यातले तीन हजार आठशे पन्नास डिस्प्लेचे, ते मी नवऱ्याच्या हातात दिले. उरलेले तीन हजार एकशे नव्याण्णव एका मोबाईलच्या दुकानात गेले. पैशांचं एक वेळ सोडून देते. नवऱ्याने माझ्या फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप टाकलं होतं, त्याचा पुरावा त्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला. तो आता कुठूनही परत मिळत नाही, आणि ‘करा’ असं मीच म्हटलं होतं. हे दुसऱ्या कुणाकडून होऊ नये एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी वर्षभरापासून मुलीला घेऊन नाशिकला सिडकोत आईकडे राहते. केस अजून उभी राहिलेली नव्हती, वकिलांकडे नुकतीच जायला लागले होते. नवरा रविवारी मुलीला भेटायला यायचा. ऑगस्टमध्ये फोन हातातून पडला, डिस्प्ले गेला. तो म्हणाला, "माझ्या ओळखीचा आहे, संध्याकाळपर्यंत करून आणतो." पिनही मागितला, टच चालतोय का ते बघायला लागतो म्हणाला. मी दिला. आज लोक विचारतात, पिन कशाला दिलास? दहा वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाने दुरुस्तीसाठी पिन मागितला तर कुठली बाई नाही म्हणेल? डिस्प्ले खरंच बदलला होता, काम चोख होतं, म्हणून संशयाला जागाच राहिली नाही. पाळतीची ॲप लांबून, मिस्ड कॉल देऊन वगैरे सहसा बसत नाहीत. फोन हातात, पिन माहीत आणि पंधरा-वीस मिनिटं एवढं लागतं. मी अख्खी दुपार दिली होती.

ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो मला रोज आठवतो. त्याच रात्री मुलीच्या शाळेचं ॲप अपडेट करायला प्ले स्टोअर उघडलं, तर Play Protect, म्हणजे घातक ॲप शोधणारी गुगलची सोय, बंद असल्याची सूचना वर आली. मी ती बोटाने बाजूला सारली, कारण भाजी गॅसवर होती. Play Protect सहसा आपोआप बंद होत नाही. असलं ॲप बाहेरून टाकणारा माणूस ते आधी बंद करतो, नाहीतर गुगल त्या ॲपला अडवतं. तुमच्या फोनवर आत्ता बघा: प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपला फोटो, त्याखाली Play Protect. बंद दिसलं आणि तुम्ही केलेलं नसेल, तर फोन कुणीतरी हाताळला आहे असंच धरा.

बॅटरी लवकर उतरायची, फोन तापायचा. ते मी डिस्प्लेवर ढकललं, आणि त्यात माझं फार चुकलं असं मला वाटत नाही, कारण बॅटरी शंभर कारणांनी उतरते. खरी खूण माणसाच्या बोलण्यात असते. सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, "पोरीला पाथर्डी फाट्याच्या शाळेत कशाला टाकतेस?" ही गोष्ट मी फक्त बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिली होती. मी बहिणीशी भांडले! तिने सांगितलं असेल म्हणून तिला नाही नाही ते बोलले. मग एका गुरुवारी सीबीएसजवळ वकील मॅडमच्या ऑफिसमधून खाली उतरले तर हा समोर चहा पीत उभा.

व्हॉट्सॲप तर सुरक्षित असतं ना, असं मलाही वाटायचं. संदेश वाटेत कुणी वाचू शकत नाही हे खरंच आहे. पण हे ॲप वाटेत बसत नाही, तुमच्या स्क्रीनवर बसतं. अंध किंवा अपंग लोकांना फोन वापरता यावा म्हणून अँड्रॉइडमध्ये Accessibility नावाची सोय आहे. ती परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवर दिसणारं सगळं वाचू शकतं. नोटिफिकेशन वाचायची परवानगी वेगळी असते, तीही ते घेतं. आयकॉन लपवलेला असतो, म्हणून स्क्रीनवरच्या ॲपमध्ये शोधून काही सापडत नाही.

फोनमध्येच काहीतरी आहे असं वाटून मी गेले त्या दुकानावर 'व्हायरस काढून मिळेल' अशी पाटी होती. दुकानातल्या मुलाने Settings मध्ये Accessibility उघडलं. तिथे 'System Service' अशी एक ओळ होती, पुढे On. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, ते सिस्टिमचं असतं." ती ओळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. बाकीची नावं ओळखीची होती, हिचंच नाव कोरडं, कुणाचंही नसल्यासारखं. तिच्यावर टॅप करून App info उघडायची होती. प्ले स्टोअरमधून आलेल्या ॲपच्या त्या पानावर अगदी खाली तसं लिहिलेलं असतं. बाहेरून टाकलेल्या ॲपला ते नसतं, किंवा तिथे ब्राउझरचं नाव दिसतं. नुसत्या नावावर जाऊन मात्र काही उडवू नका. फोनमध्ये खरी सिस्टिमची ॲपही अशाच नावांची असतात.

मी दुसऱ्या कुणाच्या फोनने त्या ओळीचा फोटो काढायला हवा होता. त्याऐवजी म्हणाले, काहीही करा पण फोन स्वच्छ करून द्या. 'फुल क्लीनिंग आणि अँटीव्हायरस' दोन हजार चारशे नव्याण्णव, फोटोंचा बॅकअप सातशे. त्याने फॅक्टरी रीसेट मारला, जो Settings मधून कुणालाही फुकट करता येतो, आणि वर एक फुकटचं अँटीव्हायरस टाकून दिलं. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल.

नेहमीचं असलं ॲप रीसेटने जातं, तेवढं काम झालं. पण त्याबरोबर ॲपचं नाव गेलं, ते कोणत्या दिवशी बसलं ती तारीख गेली, त्याला दिलेल्या परवानग्या गेल्या. मी कोरा फोन घेऊन पोलिसांकडे गेले.

पहिल्या ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे किती गेले? पैसे त्याने चोरले नाहीत म्हटल्यावर, "मग हा तुमचा घरगुती मामला आहे, तुमच्या हद्दीच्या ठाण्यात जा." परत पहिलं ठाणं. तिथले साहेब म्हणाले, "ताई, नवऱ्याने बायकोचा फोन बघितला, त्यात एवढं काय? स्क्रीनशॉट आहे का?" तीन अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या, अंबडच्या कंपनीत पगार कापला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाचं आहे. बाईचा इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काचा वापर पुरुषाने पाळतीत ठेवणं हा त्यात गुन्हा धरला आहे, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे वकील मॅडमने मला वाचून दाखवलं, ठाण्यातल्या एकानेही नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवणंही चुकीचं आहे, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. घेतच नसतील तर लेखी अर्ज टपालाने वरिष्ठांकडे पाठवायचा, शहरात म्हणजे पोलीस आयुक्तांकडे. 1930 हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. पाळतीची तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

फोन कोरा होऊन आठवडा झाला आणि नवरा मुलीला म्हणाला, "काल तपोवनात मजा केली ना?" माझे हातपाय गार पडले. त्याने परत फोनला हात लावलेला नव्हता.

मामाचा मुलगा आयटीत आहे. त्याने माझा फोन हातात घेतलाच नाही, आईच्या फोनवरून माझं गुगल खातं उघडलं. Security मध्ये Your devices अशी यादी असते. माझा फोन, आणि खाली एक विंडोज लॅपटॉप. माझ्याकडे लॅपटॉप नाही! 2016 साली खातं नवऱ्यानेच उघडून दिलं होतं, त्याच्या लॅपटॉपवर ते तसंच चालू होतं. तिथून Find Hub ही गुगलची हरवलेला फोन शोधायची सोय उघडली की फोन नकाशावर दिसतो, आणि गुगल फोटोजमध्ये फोटो दिसतात. रीसेट केलेल्या फोनमध्ये मी तेच खातं परत टाकलं होतं. म्हणजे दार मीच उघडून दिलं. आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबर? त्याचाच. नुसता पासवर्ड बदलला असता तर त्याने त्या नंबरवर कोड मागवून खातं परत घेतलं असतं.

या वेळी घाई केली नाही. आधी त्या यादीचे फोटो काढले, लॅपटॉपचं नाव आणि शेवटचा वापर दिसेल असे. मग ठरवलं की काढायचं तेव्हा घरी एकटं राहायचं नाही. हे कुठलंही दुकान सांगणार नाही: पाळत तुटली की पलीकडच्या माणसाला लगेच कळतं, त्याच्याकडे माहिती यायची थांबते, आणि तो चिडतो. घरात मारहाणीचा इतिहास असेल तर आधी वकील, आधी राहायची सोय, नंतर फोन. तोवर महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवर, आणि या सगळ्याचा शोधसुद्धा पाळत असलेल्या फोनवर करायचा नाही.

शनिवारी रात्री मामा येऊन बसले. आईच्या फोनवरून आधी रिकव्हरी नंबर आणि ई-मेल बदलला, मग पासवर्ड, मग दोन टप्प्यांची पडताळणी, त्यातही त्याचा नंबर नाही ना हे बघून. शेवटी तो लॅपटॉप Sign out. रिकव्हरी नंबर बदलल्यावरही गुगल सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, म्हणून तो आठवडाभर ती यादी रोज सकाळ-संध्याकाळ बघितली. मॅप्समधलं Location sharing तपासलं, व्हॉट्सॲपचं Linked devices तपासलं. फोनचा पिन बदलला, मुलीची जन्मतारीख काढून टाकली.

ज्यांच्या फोनमध्ये ॲप अजून आहे त्यांच्यासाठी: फोटो काढून झाले आणि वकिलांना विचारलं की Settings च्या शोधात Device admin टाका. Uninstall चं बटण दाबलंच जात नसेल तर ते ॲप तिथे चालू असतं. आधी तिथून बंद करायचं, मग निघतं. नंतर Play Protect चालू करून स्कॅन. त्यानंतरही खात्री नसेल तर रीसेट, आणि फोन नव्यासारखा सुरू करायचा, जुन्या फोनमधली ॲप ओढून आणायची नाहीत.

लॅपटॉप साइन आउट झाला तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस झाले होते. नऊ बावन्नला त्याचा पहिला फोन आला. साडेदहापर्यंत अकरा. मी एकही उचलला नाही. मामांनी दाराची वरची कडी लावली. दुसऱ्या दिवशी त्या अकरा कॉलच्या यादीचा फोटो, लॅपटॉपचे फोटो आणि ऑगस्टपासूनच्या तारखा लावून अर्ज लिहिला आणि सोमवारी रजिस्टर्ड पोस्टाने आयुक्तांना पाठवला. दुकानदाराकडे परत गेले होते. पैसे देणार नाही म्हणाला, कारण व्हायरस तर निघाला.