ट्रेनमध्ये नोट्ससाठी ऑब्सिडियन की जॉप्लिन?

दोन्ही ॲप्स नोट आधी फोनमध्येच सेव्ह करतात, त्यामुळे नेटवर्क गेलं तरी लिहिणं थांबत नाही, खरा फरक पडतो तो सिंक होताना. समजा सकाळी लॅपटॉपवर एक नोट बदलली, फोनला ती अजून मिळालीच नाही आणि तुम्ही गर्दीत एका हाताने त्याच जुन्या नोटमध्ये चार ओळी टाकल्या. रेंज आली की जॉप्लिन सर्व्हरवरची कॉपी ठेवतं आणि तुमच्या चार ओळींवाली नोट `Conflicts` नावाच्या नोटबुकमध्ये टाकतं, म्हणजे गेलं काहीच नाही पण तिथून हाताने जोडत बसा. ऑब्सिडियनचं स्वतःचं सिंक दोन्ही बदल एकाच नोटमध्ये मर्ज करायला बघतं, कधीकधी ओळी वर-खाली होतात, आणि ते पेड आहे. जॉप्लिन ड्रॉपबॉक्सवरही फुकट सिंक होतं.

फळ्याचे फोटो खूप असतील तर जॉप्लिनमध्ये `Attachment download behaviour` ही सेटिंग बघा, ते `Manual` केलं की तुटक्या नेटवर मजकूर आधी येतो, पण मग लागणारे फोटो घरूनच उघडून ठेवायचे, नाहीतर ट्रेनमध्ये रिकामी चौकट.

ऑब्सिडियन नोट्स साध्या मार्कडाउन फाइल्समध्ये, म्हणजे कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडणाऱ्या मजकुरात ठेवतं, हे मस्तच, तरी विद्यार्थ्यांना मी जॉप्लिनच सांगेन.